बदामाची नव्वी

पत्त्यांवरून भविष्य सांगण्यात अख्ख्या डिचोलीत माझा हात धरणारा कोणी नव्हता! सत्त्याऐंशी साली आमच्या खाणीच्या कचेरीत कोणालाही विचारायचं. गोव्याचं राज्य झालं, राजभाषा मराठी की कोकणी यावरून कचेरीत दोन तट पडले, माणसं एकमेकांचा चहा प्यायची बंद झाली. पण जेवणाच्या सुट्टीत दोन्ही तट माझ्याच टेबलाभोवती!

ही विद्या शेजारच्या मिंगेलची. त्यानं तीस वर्षं बोटीवर कुकाचं काम केलं होतं. "दुर्रीपासून छक्कीपर्यंत सगळी पानं काढून टाक," तो सांगायचा. "उरतात बत्तीस. बदाम म्हणजे प्रेम नि घर. चौकट म्हणजे पैसा, पत्र, प्रवास. किलवर म्हणजे मैत्री नि मेहनत. इस्पिक म्हणजे मेलास! आणि बदामाची नव्वी म्हणजे मनातली इच्छा. ती पडली की काम झालं."

आमच्या कचेरीत आनंदी टायपिस्ट होती. तिच्यावर माझा तीन वर्षं जीव होता. त्या तीन वर्षांत धीर करून मी तिला एकच प्रश्न विचारला होता, "रिबन बदलून देऊ?"

एका शुक्रवारी सुट्टीत तीच माझ्याकडे आली. बरोबर मैत्रीण वत्सला.

"कृष्णनाथबाब, आज सांजेला पेडण्याहून माणसं येतायत. मुलगा मास्तर आहे. होय की नाही ते आजच सांगायचंय."

मी हातातला पाव तसाच डब्यात ठेवला.

"आई म्हणते देवाला कौल लावूया," ती म्हणाली. "पण तिथं भट मोठ्यानं गाऱ्हाणं घालतो. सगळा गाव कान देऊन उभा! पत्त्यांना मनातल्या मनात विचारलं तर चालतं ना?"

"चालतं म्हणजे काय! मनातलं सांगायचंच नाही, नियमच आहे तो!"

सांगायची गरजही नव्हती. मास्तराबद्दलच विचारणार, दुसरं काय? तेव्हाच माझ्या डोक्यात ती अवदसा शिरली. पानं निवडायच्या निमित्तानं मी बदामाची नव्वी हळूच सदऱ्याच्या खिशात सरकवली. आता बघू मास्तराचं लग्न कसं होतं ते!

मग तिच्या नावाचं पान काढायचं होतं. गोरीला बदाम राणी, सावळीला किलवर राणी, असा मिंगेलचा नियम. मी प्रामाणिकपणे किलवर राणी काढली.

"म्हणजे मी काळी?"

"छे छे! चुकून आली!" मी झटकन बदाम राणी मधे ठेवली. वत्सला फिसकन हसली.

आनंदीनं डोळे मिटून पानं पिसली, डाव्या हातानं तीन ढीग केले. मी ते परत एकत्र करून नऊ पानं मांडली. राणीच्या डावीकडे तीन, ते झालेलं. डोक्यावर तीन, ते चाललेलं. उजवीकडे तीन, ते होणारं. डावीकडे किलवर निघालं, मेहनत नि मैत्री. डोक्यावर चौकट एक्का, म्हणजे पत्र किंवा अंगठी.

"पेडण्याचं स्थळ," वत्सला म्हणाली.

आणि उजवीकडे, राणीला अगदी खेटून, किलवरचा राजा! सावळा, सरळ, जीव लावणारा माणूस, म्हणजे मीच! त्याला मी हातसुद्धा लावला नव्हता, तो आपोआप आला होता!

"बघ गो आनंदी! असा माणूस तुझ्या अगदी जवळ आहे!"

तिचा चेहरा फुलला. "दिसतोय. आणि बदामाची नव्वी?"

पुढची दोन पानं उलटली. बदामाची सत्ती नि इस्पिकची नव्वी.

"नाही आली," मी खिशावर हात ठेवून म्हणालो. "ती इच्छा सोड."

"परत एकदा मांडा ना!"

"एक प्रश्न, एकच दिवस, एकदाच. नियम म्हणजे नियम!"

ती थोडा वेळ त्या राजाकडे बघत बसली. मग पदर सावरून उठली. "माणूस जवळ आहे, पण त्याच्या मनात नाही. असंच ना?"

ती मास्तराबद्दलच बोलतेय असं धरून मी मान डोलावली. मला वाटलं, मास्तर पडला! त्या दिवशी मी कचेरीत सगळ्यांना भजी खाऊ घातली.

सोमवारी आनंदीनं पेढे वाटले. मास्तराला होकार दिला होता!

लग्न पेडण्याला झालं. पंगतीत वत्सला शेजारी बसली होती. मी तोंड वाकडं करून म्हणालो, "पत्त्यांनी 'नको' म्हणून सांगितलं होतं तरी केलंच की हिनं लग्न!"

"मेल्या," वत्सला म्हणाली, "मास्तराबद्दल विचारलंच कोणी? तीन वर्षं वाट बघून थकली बिचारी. तिनं मनात तुलाच धरलं होतं!"

वाढपी विचारत होता, "आणखी खीर?" मी होय म्हणालो की नाही, आठवत नाही. पान मात्र भरलेलंच राहिलं.

अजूनही मी पत्ते बघतो. तुमचाही काही प्रश्न असेल तर खुशाल या. फक्त बसण्याआधी माझा खिसा तपासा!