बायोडेटावरचा नंबर

कॉलेज रोडवरच्या कॅफेत शिरताना ‘मी पोहोचले’ असा मेसेज टाकला, तेव्हा समोर बसलेल्या गौरांगचा फोन वाजला नाही. खटकलं, पण सोडून दिलं. मग तो पाणी आणायला काउंटरवर गेला आणि उत्तर आलं, ‘छान. सावकाश बोला.’ (किती समंजस! चार पावलांवरूनही लिहून कळवतो.)

घरच्यांनी बायोडेटे जुळवून ठरवलेली पहिलीच भेट. पन्नास मिनिटांतली तीस आम्ही मेनूकार्ड वाचलं. मागे कुणाचा तरी चमचा पडला, मी दचकले आणि माझी कॉफी त्याच्या शर्टावर.

‘असू दे, दिसणार नाही,’ तो म्हणाला. शर्ट पांढरा होता.

मग कळलं, नाशिकचा तो गर्दीचा द्वारका चौक गाडीवरून ओलांडायला तोही माझ्याइतकाच घाबरतो. त्यावर मात्र आम्ही मनापासून हसलो. पण लग्न? मन जागचं हललं नाही.

गप्प बसून त्याला ताटकळत ठेवणं मला पटेना. दुसऱ्या दिवशी सकाळी लिहायला बसले. ‘तू फार चांगला आहेस, पण’ खोडलं; असल्या एका ‘पण’पायी मी स्वतः दोन दिवस रडलेय. ‘सध्या करिअर’ खोडलं, खोटं होतं. ‘विचार करून सांगते’ही खोडलं, विचार झाला होता. सातव्या खेपेला पाठवलं :

‘गौरांग, काल शर्टाबद्दल रागावला नाहीस, आभार. स्पष्ट सांगते, लग्नाच्या दृष्टीने आपलं जुळेल असं मला वाटत नाही. तुझं काही चुकलं नाही. गप्पा मात्र आवडल्या. मैत्री ठेवायला मला आवडेल. तुला नको असेल तर तसं सांग. उत्तर नाही दिलंस तरी चालेल.’

निळ्या खुणा लगेच आल्या. उत्तर नाही. (‘तरी चालेल’ हे मी वीस मिनिटं पाळलं.) बिचारा रडत असेल? की आणखी काही? तीन फोन केले. नुसती रिंग. चौथा उचलला गेला.

‘हॅलो, गौरांग?’

‘मी त्याची आई, सरोजिनी. बायोडेटावर माझाच नंबर आहे गं.’

म्हणजे कालचं ‘सावकाश बोला’ही यांचंच!

‘काकू, सॉरी, मी...’

‘सॉरी कशाला? किती स्वच्छ लिहिलंयस! हा कालपासून हेच लिहायला बसलाय, एक ओळ होईना. तुझा मेसेज दाखवला, तर म्हणतो, माझंही अगदी हेच म्हणणं आहे. वरचं नाव काढून, खाली स्वतःचं घालून, तसाच पाठवलाय त्याने. तुझ्या बायोडेटावरच्या नंबरवर.’

(मला वाईट वाटलं. माझाच नकार, माझ्याच शब्दांत.) मग लक्षात आलं, माझ्या बायोडेटावर कुणाचा नंबर आहे ते.

हॉलमधून बाबांची हाक आली, ‘यशश्री, हा गौरांग मला लग्नाला नाही म्हणतोय, मैत्री ठेवू या म्हणतोय. आणि मी कुठल्या शर्टाबद्दल रागावलो नाही?’