बेचाळीस दिवसांचा मुक्काम

पाहुण्याला 'या' म्हणायला एक अक्षर पुरतं. 'येऊ नका' म्हणायला मात्र अख्खं घर नादुरुस्त असल्याचं जाहीर करावं लागतं. हे सत्य चष्मेवाल्याला अठ्ठावन्नाव्या वर्षी कळलं. तोवर नकाराचं खातं बायकोकडे होतं, आणि तिला जाऊन पाच महिने झाले होते.

मंगळवारी तो दुकानात एका चष्म्याच्या काडीचा स्क्रू बसवत असताना मेहुण्याचा, म्हणजे तिच्या धाकट्या भावाचा, फोन आला.

"भाऊजी, दातांचं काम काढलंय. डॉक्टर तुमच्याच गल्लीच्या टोकाला. दर शनिवारी एक फेरी, असे सहा आठवडे. म्हटलं, तुमच्याकडेच राहतो. तुम्हालाही सोबत होईल."

(शनिवार सहा, मुक्काम बेचाळीस. उरलेले छत्तीस दिवस दातांना विश्रांती.)

"बघू, कळवतो," चष्मेवाला म्हणाला. नातेवाइकांच्या व्यवहारात 'बघू' याचा अर्थ 'गादी उन्हात टाकली आहे' असा होतो, हे त्याला कोणी सांगितलं नव्हतं.

अडचण जागेची नव्हती. अडचण अशी, की दुकान बंद करून आल्यावर दिवसभरातल्या गिऱ्हाइकांची हकीकत तो बायकोला मोठ्यानं सांगत असे. ती गेल्यावर ही प्रथा बंद करण्याचा कोणताही आदेश निघाला नव्हता, त्यामुळे ती चालू होती. घरात पाहुणा असला तर हकीकत पाहुण्याला सांगावी लागणार. आणि हे कारण सांगायचं कसं? लोक मनाच्या डॉक्टरचा पत्ता देतात. तेव्हा सभ्य माणसाप्रमाणे त्याने खोटं बोलायचं ठरवलं.

बुधवारी त्याने कळवलं, की आतल्या खोलीला रंग काढायचाय. मेहुणा म्हणाला, "बरं झालं! तुम्ही दुकानात असता, रंगाऱ्यांवर लक्ष कोण ठेवणार? मी आहे ना."

गुरुवारी जास्तीची गादी नसल्याचं निवेदन गेलं. तासाभरात सुतळीने बांधलेल्या गादीचा फोटो आला.

शुक्रवारी त्याने ठेवणीतलं अस्त्र काढलं. "अरे, घरात चूल पेटत नाही. मी खाणावळीत जेवतो."

"अरेरे! मग तर यायलाच हवं. मी करीन ना स्वयंपाक. ताईनंच शिकवलाय."

आढावा घेतला तर तीन दिवसांत तीन सबबी खर्ची पडल्या होत्या, आणि पाहुण्याकडे मुकादम, गादीमालक व आचारी ही तीन पदं आली होती. रंग वाळायला वेळ लागतो म्हणून मुक्कामही आठ आठवड्यांवर गेला होता. सबबीचा हा गुण वाखाणण्याजोगा आहे: ती दिली की समोरचा माणूस आपुलकीने ती दुरुस्त करून परत देतो. बायको कधी सबब देत नसे. त्याच दिवशी, एका वाक्यात 'जमणार नाही' सांगे, पुढच्या वाक्यात काय जमेल ते सांगे, आणि मग गप्प बसे. गप्प बसणं सगळ्यात अवघड, असं ती म्हणायची.

शनिवारी सकाळी दुकानाचं शटर अर्धं वर करून त्याने फोन लावला.

"रंग नाही, काही नाही. तू राहायला येऊ नकोस. मला एकट्याला राहायचंय. दर शनिवारी दुपारी जेवायला ये, दाताला सोसेल असं मऊ करतो. ज्या दिवशी दात काढतील त्या रात्री राहा, सकाळच्या गाडीने जा."

आणि तो गप्प बसला. काचा पुसायचं फडकं पिळवटून पिळवटून त्याची दोरी झाली.

"एकटे काय करता हो?" मेहुण्याने विचारलं.

"दुकानातलं सांगत बसतो. तिला."

"ताईला?"

"हो."

"ती काय..."

"ऐकते. पूर्वी मध्येच बोलायची."

 पलीकडून नाक ओढल्याचा आवाज आला.

"मला तरी कुठे पुरं बोलू द्यायची! सरळ सांगायचं ना भाऊजी. रंगाऱ्यांसाठी मी दोन महिन्यांची रजा टाकली."

"चिडलास?"

"चिडलोच. जेवायला येतो. मीठ कमी घाला."

सबब, प्रकरण बंद. चष्मेवाल्याचा भित्रेपणा वाचून वाचकांना हसू आलं असेल, आणि आपल्याशी असं कोणी वागलेलं नाही याचं समाधानही. त्यांनी फक्त एवढंच आठवून पाहावं: मागच्या खेपेला आपण ज्यांच्याकडे महिनाभर राहिलो, त्यांचा गीझर आपण त्यांच्याकडे जायला निघायच्या आदल्याच दिवशी बिघडला होता, आणि "मला गार पाणीच मानवतं" असं आपण त्यांना किती प्रेमाने सांगितलं होतं.