आग्नेय कोपऱ्यातला खड्डा

लेक आरतीच्या साखरपुड्याच्या आदल्या संध्याकाळी कुंडलिकरावांनी बेसिनचा नळ स्वतःच्या हाताने बदलला. जुना पितळी नळ उत्तम चालत होता. पण उद्या व्याही तिथं हात धुणार आणि त्यांना पितळ दिसणार! म्हणून आळेफाट्यावरून चकचकीत नळ आला. टाकी तेव्हा रिकामी होती, त्यामुळे आधी पाणी बंद करा वगैरे कटकट नव्हती. कुंडलिकरावांनी आट्यांना सुतळी गुंडाळली, नळ बसवला, पान्याने आवळला. घट्ट झाला की माणसं थांबतात. कुंडलिकरावांनी सगळा भार देऊन आणखी एक फेरा मारला. नळ ज्यात बसतो त्या भिंतीतल्या सॉकेटमधून ‘टक्’ असा बारीक आवाज आला. तो त्यांना शाबासकीसारखा वाटला.

“घर वाहून गेलं तरी ह्यो नळ आता जागचा हलायचा न्हाई,” ते म्हणाले.

“वंगाळ बोलू नका. वास्तू तथास्तु म्हनत असती,” त्यांच्या पत्नी ठमाबाई म्हणाल्या.

“म्हनू दे की. आपलीच वास्तू हाये.”

रात्री पंचायतीचं पाणी आलं. त्या उन्हाळ्यात आळे गावात पाणी दोन दिवसांआड येई, आणि येई तेही रात्री, चोरासारखं. गच्चीवरची काळी टाकी काठोकाठ भरली. उद्याचा स्वयंपाक, पिणं, धुणं, सगळं त्याच टाकीवर होतं. विहिरींनी तळ गाठला होता आणि वर येत होतं ते गढूळ. गुरांच्या घासाला चालणारं, व्याह्यांना न चालणारं. टाकी भरल्याची खात्री करून कुंडलिकराव कृतार्थ मनाने झोपले.

मध्यरात्री भिंतीने नळ थुंकला.

आवाज एवढा मोठा झाला की ओसरीवर निजलेला मेहुणा दादाभाऊ ‘बिबट्या, बिबट्या’ करत उठला. बघतात तर नळ समोरच्या कोपऱ्यात पडलेला, सॉकेटला उभी चीर गेलेली, आणि भिंतीतून पाण्याची धार सरळ समोरच्या खोलीत शिरत होती. त्या खोलीत व्याह्यांसाठी मांडलेल्या गाद्या होत्या, रव्याचं पोतं होतं, आणि आरतीची साडी होती.

कुंडलिकरावांनी धाव घेऊन भोकात अंगठा घातला. धार थांबली नाही, फक्त तिचं तोंड वळलं. चिरेतून पाण्याचा पंखा फुटला आणि दादाभाऊच्या तोंडावर बसला.

“दाजी, काढा अंगठा!”

“काढला तर गाद्या जातील!”

“आन घातला तर मी जातोय, त्याचं काय?”

दादाभाऊ लोणीचा. सल्ला देण्यात त्या गावाचा हात कोणी धरत नाही, असं त्याचं स्वतःचं मत होतं. त्याने मक्याचं बुरकुंड, दाणे काढलेलं कणीस, आणून भोकात ठोकलं. चीर बोटभर वाढली, आणि कुंडलिकरावांचा अंगठा परत भोकात गेला. मग तो म्हणाला, टाकीत उतरून तळाचं भोक बोळ्याने बुजवू.

“तू उतरनार? त्या पायांनी?” ठमाबाई कडाडल्या. “आन उद्या त्याच पाण्याचा भात व्याह्यांना वाढू व्हय?”

“मंग टाकी मोकळी होऊ दे. आपोआप थांबतंय.”

यावर आरती रडायला लागली. तासाभरात टाकी रिकामी होणार आणि सकाळी साखरपुडा कोरडा, एवढं तिलाही कळत होतं.

अशात दारात बॅटरीचा उजेड पडला. शेजारच्या भागूचा भरत. पोरगा आठवीत होता. पण मळ्याला वीज रात्रीची, त्यामुळे पिकाला पाणी द्यायला, दारं धरायला, तोही बापाबरोबर रात्रीचा जाई. चिखलाने भरलेल्या पायांनी तो घराकडे परत चालला होता.

“नाना, लई पानी वाहतंय तुमच्या मोरीतनं,” तो म्हणाला.

“आमाला म्हाईतच नव्हतं. बरं झालं सांगितलंस,” भिंतीला चिकटलेले कुंडलिकराव म्हणाले.

“मेन वॉल बंद करा की. टाकीच्या पान्याची चावी.”

कुंडलिकरावांनी अंगठा आणखी आत रेटला.

“मेन वॉल?” दादाभाऊने विचारलं, “कुठंय, दाजी?”

“असंल वर टाकीपाशी,” कुंडलिकराव पुटपुटले.

भरत मागच्या लोखंडी शिडीने गच्चीवर चढला आणि उतरला. “वर नाय. टाकीतनं पाइप निघतो तो सरळ खालीच येतो.”

“पाय धुतल्याबिगर आत येऊ नकोस!” ठमाबाई म्हणाल्या. घोटाभर पाण्यात उभ्या राहून त्यांनी हे सांगितलं.

भरत बाहेरच्या भिंतीवरून उतरणाऱ्या पाइपला कान लावत लावत खाली वाकत गेला. पाइप आतून सूं सूं करत होता. जमिनीपासून गुडघाभर उंचीवर, म्हणजे आतल्या फरशीच्या जरा खाली, तो भिंतीत शिरला होता, नेमका स्वयंपाकघराच्या कोपऱ्याला. त्यापुढे तो फुटणार: एक फाटा मोरीला, एक बेसिनला, एक न्हाणीघराच्या फवाऱ्याला.

“तिन्हीकडचं पानी एकदम तोडायचं, तर वॉल फाटा फुटायच्या आधी पायजे,” भरत म्हणाला. “म्हंजे हितंच, आतल्या अंगाला.” तो आत आला, लाटणं घेतलं आणि कोपऱ्यातल्या फरशा ठोकू लागला. ठक्. ठक्. ठक्. डब्.

त्या ‘डब्’ला कुंडलिकरावांच्या अंगठ्यातून थंड पाणी थेट काळजात गेलं. त्यांना सगळं आठवलं.

चार वर्षांपूर्वी, घर बांधताना, प्लंबर वॉल गच्चीवर बसवत होता. कुंडलिकरावांनीच त्याला अडवलं: रात्रीबेरात्री शिडी कोण चढणार? खाली घे, कोपऱ्यात, म्हंजे बाईमानसालाबी हात घालता येईल. इतका शहाणपणाचा विचार त्यांनी आयुष्यात क्वचितच केला होता. मग वास्तुशांतीचा दिवस आला. गुरुजी म्हणाले, वास्तुपुरुष पुरायला आग्नेय कोपऱ्यात खड्डा घ्या. नवी फरशी फोडायची, गवंड्याची मजुरी द्यायची, आणि आग्नेयेला तर वॉलचा एक खड्डा तयारच, चौकोनी, आतून गिलावा केलेला! कुंडलिकरावांनी आदल्या रात्री वॉलवर चाक झाकेल एवढीच वाळू ओतली. दुसऱ्या दिवशी वास्तुपुरुषाची प्रतिमा मंत्रघोषात तिथं पालथी निजवली गेली आणि वरून फरशी सिमेंटने बंद झाली. ‘कमरंइतका खनलाय,’ असं त्यांनी ठमाबाईंना सांगितलं होतं. गावालाही.

“तिथं काय न्हाई,” कुंडलिकराव ओरडले. “तिथं देव हाये!”

“देवाच्या खाली वॉल असंल, नाना.”

“देवाच्या खाली पाताळ असतंय, वॉल नसतो!”

“अहो, पन कमरंइतका खड्डा भरून घेतला ना तुमी?” ठमाबाई म्हणाल्या. “मंग डब् कसं वाजतंय?”

कुंडलिकरावांनी खोलीकडे पाहिलं. पहिली गादी पाणी पिऊन जड झाली होती. रव्याच्या पोत्याचा खालचा कोपरा काळा पडला होता. आरती साडी छातीशी धरून खुर्चीवर उभी होती आणि बापाकडे बघत होती. देव पालथा निजलेला आहे, त्याला दिसणार नाही. बायकोला मात्र दिसणार होतं.

“फोड,” ते म्हणाले. “पन आधी नमस्कार कर.”

दादाभाऊने पहारीने फरशी उचकटली. ठमाबाईंनी वास्तुपुरुष पदरात घेतला, तांदळाच्या ताटात ठेवला, आणि नवऱ्याकडे जे पाहिलं ते लिहिण्यासारखं नाही. भरतने ओंजळीने वाळू उपसली. खालून लाल चाक निघालं.

“कमरंइतका,” ठमाबाई म्हणाल्या. “कुनाच्या कमरंइतका? उंदराच्या?”

दादाभाऊने चाकाला पाना लावला. भरतने त्याचा हात धरला. “मामा, जोर नका लावू. चार वरीस फिरला नाय. चाक हातात येईल आन वॉल तसाच ऱ्हाईल.” त्याने दांड्यावरची वाळू पुसली, गोडं तेल सोडलं, दांड्याभोवतीचा नट पान्याने किंचित सैल केला. मग चाक आधी उलट्या बाजूला, उघडण्याच्या बाजूला, जरासं हलवलं.

“आरं, बंद करायचाय! उघडतोस काय?” भिंतीकडून आवाज आला.

“आधी क्षार सुटू द्या, नाना.” जरासं मागे, जरासं पुढे. मागे, पुढे. अखेर आतून करकर झाली आणि चाक घड्याळाच्या काट्याप्रमाणे फिरायला लागलं. एका फेऱ्यात काही होत नव्हतं. आतली चकती चाकाच्या प्रत्येक फेऱ्याला थोडी थोडी खाली उतरते. भरत फेरे न मोजता फिरवत राहिला. पंखा मिटला, धार वाकली, बोटभर उरली. चाक अडलं, पण बोटभर पाणी चालूच.

“फवाऱ्याच्या पाइपातलं उतरतंय,” भरत म्हणाला. ते उतरलं. तरी करंगळीएवढी धार राहिलीच.

“झालं,” दादाभाऊ म्हणाला. “वॉल गेलेला हाये.”

“चकतीखाली वाळू आडकली आसंल.” भरतने चाक पुन्हा थोडं उघडलं. पाणी फस्सकन उसळलं आणि कुंडलिकरावांच्या कानात शिरलं.

“आरं गाढवा! बंद झाल्यालं उघडतंय कोन!”

“जोरात पानी जाऊ द्या, वाळू धुऊन नेतंय. मळ्यातल्या ठिबकच्या वॉलला आमी रोज करतो.” त्याने चाक परत फिरवलं. या वेळी ते अर्धा फेरा जास्त गेलं. मग नट आवळला, आणि मोरीतला खालचा नळ उघडून त्याखाली बादली ठेवली. काही झिरपलंच तर तिथं झिरपावं.

भिंतीतून एक थेंब आला. दुसरा आलाच नाही.

भरतने घरून बूच आणलं, फुटका सॉकेट काढून पाइपाच्या आट्यांवर आवळलं आणि वॉल उघडला. अर्धी टाकी शिल्लक होती. “नाना,” जाताना तो म्हणाला, “म्हयन्यातनं एकदा चाक बंद करून उघडत जावा. नायतर परत जाम होतंय.”

“आता तू आमाला शिकीवनार,” अंगठा चोखत कुंडलिकराव म्हणाले. “जा. झोप. आन पहाटं सायकल काढून गुरुजींना घेऊन ये. देव बाहेर हाये.”

पहाटे गुरुजी सायकलच्या कॅरिअरवर बसून आले. वाटेत भरत त्यांच्याशी बरंच काही बोलत होता. गुरुजींनी खड्ड्यात बराच वेळ पाहिलं, डोळे मिटले आणि म्हणाले, “कुंडलिकराव, हा वास्तुपुरुष चक्रावर निजलेला आहे. असा योग लाखात एखादा. फरशीला आता सिमेंट लावायचं नाही. दर पौर्णिमेला देव उचलायचा, चक्र पूर्ण मिटवायचं, पूर्ण उघडायचं, तेलाचा थेंब सोडायचा, मग नैवेद्य. चुकवू नका.”

कुंडलिकरावांनी दोन्ही हात जोडले. “बघ,” ते भरतला म्हणाले, “याला म्हनत्यात ग्यान.”

साखरपुडा यथासांग झाला. व्याह्यांनी हात बादलीतल्या पाण्याने धुतले आणि ‘साधी माणसं आहेत’ म्हणून घर त्यांना आवडलं. पुढे दर पौर्णिमेला चाक फिरवायचा मान भरतला मिळाला, आणि त्याबरोबर पुरणपोळी.

काही वर्षांनी जावयाने खोडदला घर बांधलं. कुंडलिकराव बघायला गेले. वॉल गच्चीवर बसवलेला पाहून ते प्लंबरवर असे तापले की गवंडीही काम सोडून उभे राहिले.

“खाली घ्या! आग्नेय कोपऱ्यात, देवाच्या खाली!”

“आबा, कशापायी?” प्लंबर म्हणाला. “कंपनीचा वॉल हाये, चांगला.”

“आमच्या गल्लीत घराघरात कंपनीचेच हायेत,” कुंडलिकराव म्हणाले. “झाडून सगळे जाम! माझाच तेवढा दोन बोटांनी फिरतो. बिनदेवाचा वॉल टिकत न्हाई, पोरा. आनभव हाये.”