पुंजारामच्या दैनंदिनीतला बिबट्या

सकाळी सहाला वनरक्षक पुंजाराम चौकीच्या ओट्यावर दैनंदिनी उघडून बसला. नुकतीच रात्रीची गस्त संपली होती. भोकरदनच्या वरच्या डोंगरात बिबट्या आल्याची कुणकुण होती आणि आठ वाजता वनपाल अण्णासाहेब तपासायला येणार होते. मागच्या वर्षी नुसती हरणं भिऊन ओरडली म्हणून पुंजारामने बिबट्या नोंदवला, आणि निघालं गावातलं कुत्रं! त्यामुळे या वेळी तो जपून लिहीत होता.

'११.४०. नाल्याकाठी चिंकारा शिंकल्यासारखा ओरडला, पाय आपटले. वारा मावळतीचा. ११.५५. वडावरून वानरांचं खॉक-खॉक. चांदणं स्वच्छ.'

"हरीण कुत्र्यालाबी वरडतं," तो वनमजूर पाशामियाँला म्हणाला. "पर झोपलेली वानरं अशी उगंच उठत न्हाईत. दोघं बोलले म्हंजी बिबट्या पक्का."

पाशामियाँने चहा फुंकला. "गार्डसाब, एक बोलू? आपण चाललो की वानरं सुरू. आपण थांबलो की बिलकुल चूप."

"मंग?"

"मंग ते आपल्यालाच भिऊन राह्यले. तुमच्या अंगावर काय व्हतं बघा!"

पुंजारामने खांद्याकडे पाहिलं. बायकोने, बेबीनंदाने, शिवलेली नवी गोधडी: पिवळी जमीन, काळे ठिपके. वानरांना ठिपके दिसले की पुरे! त्याने कपाळावर हात मारला. आणि प्रामाणिक माणूस असल्याने निळ्या शाईत लिहून टाकलं, 'वन्यप्राणी नाही. इशारे गस्तीवाल्याच्या गोधडीमुळे.'

आठ वाजता अण्णासाहेबांनी ते मोठ्याने वाचलं. मग पुन्हा वाचलं. हसून हसून त्यांचा चष्मा नाकावरून घसरला.

"बायकोला सांगू नका, साहेब," पुंजाराम म्हणाला.

"सांगत न्हाई. पन नाला तपासला का?"

"गोधडीचे काय ठसे शोधायचे?"

"चला तरी."

नाल्याच्या ओल्या वाळूत रात्री गस्त घातलेल्या दोघांच्या बुटांच्या रांगा सरळ गेल्या होत्या. अण्णासाहेब एकदम वाकले. एका बुटाच्या टाचेवर वाटीएवढा गोल ठसा होता. चार बोटं, नखांची खूण नाही. पुढच्या बुटावरही तसाच.

"कुत्र्याची नखं उमटतात, पुंजाराम. ह्यो बिबट्या. बुटाच्या वर पाय हाये, म्हंजी तुमच्या मागून आल्ता."

"पर वानरं तर आपण थांबलो की..."

"तुमी थांबले की त्योबी गवतात बसायचा. दिसेना झाला की वानरं गप."

पुंजारामच्या ओठांवर हसू फुटलं. सहा वर्षांच्या नोकरीतला पहिला खरा बिबट्या! त्याने टोपी हवेत उडवली.

पाशामियाँ मात्र बिबट्याचे ठसे पडलेल्या, मागून चालणाऱ्याच्या बुटांच्या रांगेजवळ उकिडवा बसला होता. त्याने आपला बूट काढून हलकेच त्यातल्या एका बुटाच्या खुणेवर धरला. बरोबर जुळला.

"गार्डसाब," तो म्हणाला, "आज रातच्याला पुढं मी चालणार."