विसावं बटन

नातसुनेनं वही-पेन पुढ्यात टाकलं अन् म्हणे, आबा, ते बटनाचं लिहा. काऊन लिहू? सारं साखरखेर्डा आधीच हसून बसलं आहे. (तिलेही हसायचंच असेल.) तरी लिहितो. खरं काय ते कळू द्या.

महाराष्ट्र राज्य नवंनवं झालं, त्या साली माझ्या कोटाचं पितळी बटन गेलं. कोट नुकताच इंद्रभान शिंप्याकडून आला होता. म्हणजे चोर शोधत हिंडायची गरजच नव्हती. हे मी हॉटेलात चार जणांसमोर बोललो. इंद्रभान मागंच बसला होता.

तो म्हणाला, "हिंमतराव, तुमचं बटन माह्या डब्यात निघालं तर मशीन उचलून देऊळगाव राजाले जातो. या गावात पुन्हा सुई धरत नाही."

सारे त्याच्या दुकानात गेलो. डबा फळीच्या पार कडेवर. मी वाकून ओढला, तर तो उपडाच झाला. इंद्रभानची नातवंडं पंचफुला अन् सहदेव बटनं वेचायले बसली. मी त्यांच्या हातावर नजर ठेवून उभा. (शिंप्याचंच रक्त ना.)

पंचफुलानं रंगानं ढिगारे लावले. पांढरे नऊ, काळे सात, पिवळे चार. पिवळ्यात माझं नव्हतं. मग सहदेवनं ते मोडून भोकं पाहून लावले. दोन भोकाचे सहा, चार भोकाचे नऊ, मागं कडी असलेले पाच.

तिथं मी त्याले धरला. पितळी म्हणजे पिवळं, अन् कडी पितळीलेच असते. "पिवळे चार होते, कडीवाले पाच कसे बे? बाहीतून काढलं?"

पंचफुला म्हणाली, "आबा, पिवळ्यातलं एक प्लास्टिकचं आहे, त्याले भोकं आहेत, ते तिकडं गेलं. काळ्यातल्या दोघाले कडी आहे, ते इकडं आले. ढिगारे बदलले, बटनं तेच. तसेही वीस, असेही वीस."

त्या काळ्या दोघांतलं एक कापड मढवलेलं होतं. दुसरं मी धोतरावर घासलं, तर खालून पितळ निघालं. माझंच बटन! इंद्रभाननं मशीनवर झाकण ठेवलं.

पंचफुला अजून बोटावर मोजत होती. "पण सकाळी अभ्यासाले मोजले तवा एकोणीस होते."

तेवढ्यात सहदेवनं तिसरी वाटणी केली. एकेक बटन हुंगून इकडं एकोणीस ठेवले, तिकडं एक. "याले तंबाखूचा वास येते."

सगळे माझ्या कमरेकडं पाहू लागले. वाकताना माझी चंची उघडली होती. मग मले आठवलं. बटन सैल झालं होतं, हरवू नये म्हणून मीच तोडून चंचीत ठेवलं होतं, चुन्याच्या डबीजवळ. म्हणून काळं पडलं.

इंद्रभाननं झाकण काढलं, माझ्या अंगातला कोट उतरवून घेतला, बटन लावलं अन् परत दिला. लोक हसत होते.

पण मी म्हणतो, डबा कडेवर नसता तर मी वाकलोच नसतो. आज इतकी वर्षं झाली, तरी माफी मागायचं नाव घेत नाही तो इंद्रभान शिंपी.