बाबूरावांचा रेडा

कुठेही चार माणसं जमलेली दिसली की बाबूराव शेजारच्याला हळूच विचारत, "यातला रेडा कोण गा?" वरात असो की मयत. मला पाहायला पाहुणे आले, तेव्हा ओळखीचे म्हणून आमच्या बाबांनी त्यांनाही बोलावलं होतं. पोह्यांची बशी हातात धरून त्यांनी निकाल दिला, "बाप म्होरक्या. मामा रेडा. पोरगं डोकं वाटते, पण चष्म्यावर जाऊ नको वं." मी चष्म्यावर गेले. संसार झाला, पण बाबूरावांचं निदान बरोबर होतं.

सत्तरच्या दशकात महाल भागातल्या एका छापखान्यातून मुलांचं मासिक निघे. बाबूराव त्यात चित्रं काढत, मी गोष्टी लिहीत असे. मी बावीस वर्षांची, बी.ए., आणि मराठी साहित्याला माझी गरज आहे अशी माझी समजूत. साहित्याला हे कोणी कळवलं नव्हतं.

संपादकांनी आठ पानी चित्रकथा मागितली, महाबली वीरांची. मी एकच वीर केला. तो उडे, डोंगर उचले, चार भाषा बोले आणि आईच्या पाया पडे. दुसऱ्या पानावर खलनायक संपला.

"आता सहा पानं काय काढू? फुलं?" बाबूरावांनी विचारलं. "ज्याले सगळंच येते, त्याले अडचण कशी येईन वं? तिघं कर. एकाले जे येते ते दुसऱ्याले येऊ नये."

मी तिघं केले. तिघंही देखणे, शूर आणि एकमताचे. बाबूरावांनी तिघांची चित्रं काळ्या शाईनं भरून टाकली. नुसत्या सावल्या उरल्या. "सांग, कोणता कोण?" मला सांगता येईना. मग त्यांनी नव्या सावल्या काढल्या. उडणारा म्होरक्या, रुंद खांदे, निमुळती कंबर. रेडा चौकोनी, मान नाहीच. तिसरा, भिंतीपलीकडचं ऐकणारं डोकं, बांबूसारखा लांब. "आठ पानांत ओळखपाळख कराले जागा नसते. पोरानं सावलीवरून ओळखलं पाह्यजे."

"पण हेच तिघं काहून?" मी त्यांच्याच बोलीत विचारलं.

"पोरगं पुस्तक उघडते अन् घरातले लोक शोधते. ठरवणारा एक, उचलणारा एक, 'थांबा जरा' म्हणणारा एक. मग त्यातला आपण कोण, ते ठरवते. एक नसला तर त्याले वाटते, कोणीतरी जेवाले यायचं राह्यलं."

तिघांतली भांडणं रचायला त्यांनीच शिकवलं. रेड्यासमोर नुसती भिंत ठेवायची नाही, तो फोडेल आणि गोष्ट संपेल. भिंतीमागे धरणाचं पाणी ठेवायचं. पाणी आहे हे डोक्याला ऐकू येतं, पण ते बोलायला कचरतं. रेड्याला थांबणं माहीत नाही. म्होरक्याला यातलं काहीच येत नाही. कोणाला आधी पाठवायचं ते तो ठरवतो, आणि चुकलं तर दोष घेतो. "दोष घ्याले कोणी नसन, तर ती टोळी नाही, गर्दी आहे."

वर्षभर बरं चाललं. मग खप घसरला आणि संपादकांनी फर्मावलं, रेडा मारा, नाहीतर चित्रकथा बंद. मी तर आनंदले. वीरमरणाची पाच पानं लिहिली, त्यात सूर्यास्त दोन वेळा झाला.

बाबूरावांनी वाचून कागद परत दिले. "मी हे काढणार नाही."

"बाबूराव, बंद होईल हो सगळं."

"होऊ दे. रेडा गेल्यावर उरलेले दोघं बोलतीन काय? एक हुकूम देईन, एक शंका काढीन. मधात कोणी नाही." मग कुंचला पुसत म्हणाले, "आम्ही तिघं भाऊ. काटोलले विहीर उपसून राह्यलो होतो. दोर कच्चा आहे हे मले दिसलं, मी हळूच बोललो. थोरला म्हणे, उतर. मधला उतरला. दोर तुटला, तो गेला. अठरा वर्षं झाली. थोरला अन् मी बोलत नाही."

मी पाचही पानं फाडली. मराठी साहित्यावर माझे तेवढे उपकार आहेत. नवा शेवट आम्ही मिळून केला. रेडा जखमी होतो, आणि ज्यांना कधी काही उचलावं लागलं नाही ते दोघं त्याला उचलून नेतात. संपादकांना मी सांगितलं, तो मरतो की जगतो हे पुढल्या अंकात. ते खूष झाले. त्या पानाचा एक कच्चा छाप बाबूरावांनी मला न सांगता काटोलच्या पत्त्यावर पाठवला.

आठवड्यानं एक धोतरवाले गृहस्थ छापखान्याचा जिना चढून आले. रुंद खांदे. नमस्कार नाही, चमत्कार नाही. त्यांनी छाप टेबलावर ठेवला आणि म्हणाले, "चुकलं हाये."

बाबूराव उभे राहिले.

"मधल्याले डोक्याकडून मी धरलं होतं. तू पायाकडून. उलटं काढलं तू." मग म्हणाले, "अन् दोराचं तू सांगतलं होतं. मले आयकू आलं होतं."

बाबूरावांनी चुका झाकायच्या पांढऱ्या शाईची बाटली उघडली. थोरल्यांनी बाजूचं स्टूल ओढलं आणि हात कुठे होता, मान कशी टेकली होती, ते दाखवत बसले. अंक चार दिवस उशिरा निघाला. संपादकांनी कारण विचारलं, तेव्हा मी सांगितलं, शाई वाळत नव्हती.