लाटाची मेजवानी

आमच्या शेजारचे बाळोजी हवालदार कोणालाही नावाने हाक मारत नसत. पलटणीतून पेन्शन घेऊन ते ठाण्यात आले आणि आठवडाभरात त्यांनी सगळ्या आळीला हुद्दे वाटून टाकले. माझी आई झाली जंगी लाट, म्हणजे सगळ्या फौजेचा मुख्य. कोठीच्या किल्ल्या सांभाळते म्हणून माझी बायको कोतमास्तर. समोरचे पंतोजी मुलांना उन्हात उभे करीत, त्यामुळे ते अजीटन. पलटणीत कवायत आणि शिक्षा यांचे खाते अजीटनसाहेबाकडे असते, असे हवालदारांनी मला समजावून सांगितले होते.

मी मात्र रंगरूट. कालच भरती झालेला, डावा पाय कुठला आणि उजवा कुठला हे न कळणारा. कलेक्टरकचेरीत माझी बरीच वर्षे झाली होती, हाताखाली काम शिकणारे दोन उमेदवार होते, तरी सकाळी कुंपणापलीकडून हाक यायचीच, "काय रंगरूट, निघाली का स्वारी?" उमेदवारांपर्यंत हे जाऊ नये म्हणून मी वेगळ्या वाटेने कचेरीला जाऊ लागलो. पण उमेदवारांना ते आधीच कळले होते.

हवालदार अंगाने काटक होते, मिशा पांढऱ्या आणि पाठ सरळ. आडातून पाणी ओढणे त्यांच्या लेखी 'फटीक' होती, पलटणीत खड्डे खणण्याला आणि ओझी वाहण्याला म्हणतात तशी. पाठीवर बोचके बांधून भर उन्हात धावायला लावतात, त्या शिक्षेचे नाव दलेल. त्यांच्या पत्नी सईबाई रागावल्या की हवालदार अंगणात येऊन मला सांगत, "आज आपल्याला दलेल लागली." मग ते निमूटपणे लाकडे फोडायला बसत. सईबाईंचा हुद्दा काय, असे मी एकदा विचारले. "तिला हुद्दा लागत नाही," ते म्हणाले.

या सगळ्यात माझी करमणूक होत असे, हे मी नाकारत नाही. एके दिवशी कचेरीतल्या एका गृहस्थाच्या घरी मुंजीचे जेवण होते. आमटी इतकी पातळ की तळाशी पत्रावळीच्या शिरा दिसाव्यात. मी शेजारच्याला म्हटले, "ही म्हणजे लाटाची मेजवानी." हे शब्द मी हवालदारांच्या तोंडून ऐकले होते. पंगत हसली. वाईट इतकेच झाले, की मांडवाच्या कडेला, तेही आमंत्रणावरून आलेले, हवालदार उभे होते.

त्यानंतर आठवडाभर कुंपणापलीकडून हाक आली नाही. रंगरूट म्हणणारे कोणी नाही याचे मला बरे वाटायला हवे होते, पण वाटेना. शेवटी मीच गेलो आणि माझे काय चुकले ते विचारले.

"ते नाव आमटीचं नाही," ते म्हणाले. "फुटाण्यांचं आहे."

मग त्यांनी सांगितले. त्यांच्या कंपनीत मराठे होते, महार होते, मुसलमान होते, उत्तरेकडचे परदेशीही होते. छावणीत प्रत्येकाची चूल वेगळी आणि पाणी वेगळे. एका रांगेत बंदूक धरणारी माणसे जेवायला बसली की एकमेकांकडे पाठ करीत. पुढे पलटण जहाजाने परमुलखात निघाली. जहाजावर चुली पेटवायची सोय नव्हती. तेव्हा सगळ्यांनी एकाच पोत्यातले कोरडे फुटाणे खाल्ले, आणि त्या फुटाण्यांना नाव पडले लाटाची मेजवानी. पुढे रोज त्याची प्रश्नोत्तरेच होऊ लागली.

"आज ताटात काय?"

"लाटाची मेजवानी."

"तोंडी लावायला?"

"दलेल."

"एक तिसरंही आहे," हवालदार म्हणाले, "ते तुला नाही सांगायचं. रंगरुटाला हे कोणी शिकवत नसे. त्यानं कान देऊन ऐकायचं आणि गप्प बसायचं. मधेच बोलला तर सगळी बराक अशी बघायची की त्याला घरी पळावंसं वाटावं. पहिली दलेल खाऊन तो धापा टाकत परत आला की त्याच्यापुढं फुटाण्यांची मूठ धरायची आणि विचारायचं. त्यानं उत्तर दिलं की तो आपला. मग तो कुठल्या का जातीचा असेना."

"पण शब्दच ते," मी म्हणालो.

"होय, शब्दच. चूल एक करता येत नव्हती रे. एवढंच एक करता येत होतं."

त्यांच्या टोळीतले बाकीचे कुठे आहेत, हेही मी विचारले. बरेचसे कंदाहारच्या बाजूला लढाईत कायमचे राहिले होते. काही तापाने गेले होते. उरला होता एक भिकनाक, महाराचा, कोलशेतला मुलीकडे. "त्याला आणायला सांगितलंय," ते म्हणाले आणि मिशी पुसू लागले.

त्या दिवसापासून हवालदारांनी वाट पाहायला सुरुवात केली. सईबाईंकडून भडभुंज्याचे ताजे फुटाणे आणवून ठेवले. रोज पलटणीतल्या जुन्या कोटाची बटणे घासली. कोणतीही गाडी आळीत शिरली की ते दाराशी येत.

एका रविवारी गाडी आली. भिकनाकाच्या मुलीने त्याला हात धरून उतरवले. डोक्याला जुना फेटा होता, अंग पार सुकून गेले होते. तो ओट्यावर चढला नाही, त्या काळी महार चढतही नसत. तो खाली पायरीशी बसला. हवालदार उतरून त्याच्याशेजारी मातीत बसले. आळीतल्या खिडक्या उघडल्या होत्या. माझी आई, जंगी लाट, दारात कपाळाला आठ्या घालून उभी होती.

हवालदारांनी फुटाण्यांची मूठ पुढे केली. "भिकनाक, आज ताटात काय?"

भिकनाकाने मुठीकडे पाहिले. "व्हय साहेब," तो म्हणाला.

"अरे मी बाळोजी. आज ताटात काय?"

"व्हय साहेब."

मुलगी हळूच म्हणाली, "बाबांना आता काय बी याद ऱ्हात न्हाई. मलाबी वळखत न्हाईत कधी कधी."

हवालदारांची मूठ तशीच पुढे राहिली. त्यांनी तिसऱ्यांदा विचारले, आणि या वेळी आवाज हवालदाराचा नव्हता. एवढ्या मोठ्या सरकारी मुलखात त्या प्रश्नाचे उत्तर देणारा हा एकच माणूस उरला होता आणि तो नुसता हसत होता. मला ते बघवेना.

मी आमच्या ओट्यावरून उतरून त्यांच्याजवळ गेलो. उत्तर द्यायचा हक्क मला नव्हता हे ठाऊक होते. "लाटाची मेजवानी," मी म्हणालो.

हवालदारांनी वर पाहिले. मला वाटले, आता हाकलतील.

"तोंडी लावायला?" ते म्हणाले.

"दलेल."

"वाढणारा कोण?"

हे मला माहीत नव्हते.

"अजीटन," भिकनाक म्हणाला. "मेला सोता खात न्हाई."

हवालदार हसू लागले आणि हसता हसता त्यांनी फेट्याच्या टोकाने डोळे पुसले. भिकनाकही हसत होता, कशाला ते त्याला माहीत असेल असे वाटत नाही. पण त्याने हवालदारांची मूठ उघडून फुटाणे घेतले. उरलेले हवालदारांनी माझ्या हातावर ठेवले. मी आईकडे न बघता खाल्ले.

भिकनाक पुन्हा आला नाही. पावसाळ्यात कोलशेतहून तो गेल्याची बातमी आली. हवालदारांनी ती ऐकून घेतली आणि दिवसभर लाकडे फोडली.

दुसऱ्या दिवशी मी जेवून हात धुवायला परसात आलो, तर ते कुंपणाशी उभे होते.

"आज ताटात काय?" त्यांनी विचारले.

आमच्याकडे त्या दिवशी पुरणपोळी होती, वर साजूक तूप.

"लाटाची मेजवानी," मी म्हणालो.